हरवलेलं तीन नंबरचं चेंबर

डिसेंबरातला रविवार, सकाळचे नऊ. तिसऱ्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन पाणी सोडतं आणि तळमजल्यावरच्या न्हाणीघरात जाळीतून फेस वर येतो. मागोमाग काळं पाणी, वास, आणि कुणाच्या तरी घरचे भाताचे दाणे. तळमजल्यावरच्या बाई दार उघडून जिन्यात ओरडतात, “कुणी नळ सोडू नका हो!” वरचे लोक दहा मिनिटं नळ बंद ठेवतात. मग ज्याची त्याची आंघोळ सुरू होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हा प्रसंग नमुन्याचा आहे, पण कोणत्याही जुन्या सोसायटीत ओळखीचा वाटेल. पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला १९८०च्या दशकात तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही, मागे थोडं अंगण, अशा इमारती झाल्या. त्यांतलीच एक डोळ्यांसमोर आणू. आकडे अशा इमारतीला साजेसे मांडले आहेत. तळमजल्यावरच्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी कमिटीला लाइन तुंबल्याची तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींवर आवक क्रमांक पडला आणि तिन्हींचा शेवट एकच झाला: बांबूच्या कामट्या घेऊन दोन माणसं आली, लाइन मोकळी केली, अडीच हजार घेऊन गेली. चौथं पत्र मात्र वेगळं ठरलं, कारण त्याच्यासोबत एक नकाशा होता.

“लाइन तुंबली आहे, कृपया लक्ष द्यावे” असं पत्र आलं की कमिटीपुढे एकच कृती उरते, कुणालातरी बोलावून लाइन काढून घेणे. यात कमिटीचा आळस असतोच असं नाही. सेक्रेटरी नोकरी सांभाळून हे काम बघतो, त्याला जमिनीखालचं दिसत नाही, आणि ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, “साहेब, सगळी लाइन जुनी झालीय, पूर्ण कंपाउंड उकलून नवीन टाकू.” चौतीस मीटर खोदकामाचा आकडा ऐकला की सभेत शांतता पसरते आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. कामटी आणि संपूर्ण खोदकाम यांच्या मधला मार्ग कुणी मांडत नाही, कारण बिघाड नेमका कुठे आहे ते कुणी शोधलेलं नसतं.

जमिनीखालची व्यवस्था तशी साधी असते. प्रत्येक डक्टमधून संडासाचा आणि न्हाणीघर-मोरीचा असे उभे पाइप खाली येतात. संडासाचा पाइप थेट चेंबरला मिळतो. सांडपाण्याचा आधी गली ट्रॅपमध्ये पडतो, म्हणजे तळाशी पाणी साचवून वास अडवणाऱ्या वाकड्या भांड्यात, आणि तिथून चेंबरला. चेंबर ही विटांची पेटी. तिच्या तळाला अर्धगोल नाळ असते, एका बाजूने लाइन येते, दुसऱ्या बाजूने जाते. लाइन जिथे वळते किंवा जिथे नवा पाइप येऊन मिळतो तिथे चेंबर हवंच, कारण तुंबलं तर हात घालायला तीच जागा. मागच्या अंगणातून पुढच्या फाटकाकडे अशी चेंबरांची माळ जाते आणि शेवटच्या चेंबरातून पाणी रस्त्यावरच्या महापालिकेच्या लाइनला मिळतं.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती झाकणं उघडायची, आणि तीही पुढून मागे. क्रम महत्त्वाचा आहे. फाटकाजवळचं शेवटचं चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्याही पुढे, बहुधा रस्त्यावर असतो. मग पत्र कमिटीला लिहायचं नसतं, तक्रार महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात करायची असते. ते कोरडं असेल तर मागे मागे यायचं. एक चेंबर कोरडं आणि त्याच्या मागचं तुडुंब, अशी जोडी सापडली की बिघाड त्या दोघांच्या मधे. यंत्र लागत नाही, पहार आणि वॉचमनची मदत पुरते. झाकण उघडलं की थोडा वेळ बाजूला उभं राहावं, काडी-सिगारेट लांब ठेवावी आणि मोजमाप काठीने वरूनच घ्यावं. आत कुणी उतरायचं नाही, या गोष्टीकडे पुढे पुन्हा येऊ.

इथे पहिली गाठ बसली. पुढून दुसरं आणि तिसरं चेंबर कोरडं निघालं. त्यामागचं चेंबर सापडलं ते थेट पंधरा मीटर मागे, आणि ते गळ्यापर्यंत भरलेलं. मधल्या पंधरा मीटरमध्ये एकही झाकण नाही. आणि नेमक्या त्या टप्प्यात डक्टमधून दोन उभे पाइप खाली येत होते. ते कुठे मिळत होते?

याचं उत्तर कागदावर असायला हवं होतं. इमारतीच्या बांधकाम परवानगीसोबत ड्रेनेजचा नकाशा मंजूर झालेला असतो. तो कधी सोसायटीच्या कपाटात, कधी जुन्या आर्किटेक्टकडे सापडतो. नाहीच मिळाला तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे नक्कल मागता येते, माहितीच्या अधिकाराखाली अर्जही करता येतो. या सोसायटीच्या कपाटात पिवळी पडलेली प्रत निघाली. तिच्यात त्या पंधरा मीटरच्या मधे एक चेंबर स्पष्ट दाखवलेलं होतं, मागून मोजलं तर तिसरं. मात्र अशा नकाशावर डोळे मिटून विसंबू नये. तो काय करायचं होतं ते सांगतो. प्रत्यक्षात काय झालं हे सांगायला तो बांधील नसतो, कारण बिल्डरने जागेवर दगड लागला म्हणून लाइन दोन फूट सरकवलेली असू शकते. त्यामुळे जुनी प्रत हातात घेऊन जमिनीवर शोधावं लागतं. बाईंनी गवंड्याला बोलावलं. त्याने पहारीने जमीन ठोकत ठोकत जाऊन एका जागी पोकळ आवाज ऐकला आणि पेव्हर ब्लॉक उचलले. खाली फरशीचं झाकण होतं. काही वर्षांपूर्वी पार्किंगला पेव्हर बसवताना ते तसंच गाडलं गेलं होतं, आणि ते ठेकेदाराच्याही लक्षात राहिलं नाही, सोसायटीच्याही.

गाडलेलं झाकण हीच तळमजल्यावरच्या यातनेची किल्ली होती. लाइन तुंबली की पाणी मागे चढतं आणि सगळ्यात खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतं. चेंबरचं झाकण मोकळं असतं तर पाणी अंगणात आलं असतं, सगळ्यांनी नाकं दाबली असती आणि कमिटी धावली असती. ते तोंड बंद झालं. अंगणही पेव्हरच्या थरांनी जोत्याजवळ पोचलं. मग पुढचं सगळ्यात खालचं तोंड उरलं ते बाईंच्या न्हाणीघराच्या जाळीचं. वरच्या तिन्ही मजल्यांना काही दिसत नाही, वासही येत नाही.

नकाशा काढायला बाईंनी शाळेतलाच आलेख कागद घेतला. एक सेंटीमीटरला एक मीटर असं प्रमाण धरलं की अठरा बाय चोवीस मीटरचा प्लॉट साध्या ए-फोर कागदावर बसतो. इमारतीची बाह्यरेषा, फाटक, उत्तर दिशेचा बाण, डक्ट, चेंबरं आणि त्यांना मागून पुढे दिलेले एक ते सहा क्रमांक. दोन चेंबरांच्या मध्यांमधलं अंतर टेपने. पाइपचा व्यास आणि प्रवाहाची दिशा. कोणत्या डक्टचं पाणी कोणत्या चेंबरला येतं हे अंदाजाने लिहायचं नाही. बाईंनी वेगवेगळ्या डक्टला जोडलेल्या संडासांतून होळीच्या रंगाची एकेक बादली ओतायला लावली आणि खाली कोण कुठे लाल होतंय, कोण हिरवं, ते पाहिलं. गच्चीवरच्या पावसाच्या पाइपांतही एकेक बादली टाकली. त्यातला एखादा ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला निघाला तर पावसाळ्यातल्या तुंबण्याचं कारण वेगळंच असतं. इथे तसं नव्हतं.

आणखी तीन गोष्टी नकाशावर आल्या, ज्या बहुतेक लोक सोडतात: झाडं, पाण्याच्या नळाची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. चेंबर ३ आणि ४ यांच्या मधल्या लाइनपासून ती टाकी दोन मीटरवर होती.

यानंतर ढाळ. मैलापाणी वाहतं ते फक्त उतारावर. उतार कमी पडला तर पाणी पुढे जातं, घन पदार्थ मागे बसतात. प्लंबर मंडळींचा जुना हिशेब असा की पाइपच्या व्यासाच्या इंचांना दहाने गुणावं. चार इंची पाइपला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. म्हणजे सहा इंची लाइन सहा मीटर गेली की तिने दहा सेंटीमीटर खाली उतरायला हवं. हे मोजताना झाकणापासून तळापर्यंतची खोली घेऊन चालत नाही, कारण अंगणच समपातळीत नसतं. गवंड्यांची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी इथे उपयोगी पडते. जिन्याची पहिली पायरी शून्य धरली, नळीचं एक टोक तिथे, दुसरं चेंबरजवळ. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, तिथून टेप खाली सोडायचा. असे सहा आकडे मिळाले. पायरीपासून चेंबर १ चा तळ ७४ सेंटीमीटर खाली, २ चा ८४, ३ चा ९४, ४ चा १०९, ५ चा १२१ आणि ६ चा १३१.

आता भागाकार. चेंबर २ ते ३ अंतर सहा मीटर, उतार दहा सेंटीमीटर. चेंबर ३ ते ४ नऊ मीटर, उतार पंधरा. पुढच्या ७.२ मीटरला बारा, शेवटच्या सहाला दहा. सगळीकडे साठात एक! १९८०च्या दशकातल्या गवंड्याने काम चोख केलं होतं. “सगळी लाइन उकला” या सल्ल्यातली हवा या एका तक्त्याने काढून घेतली.

मग ३ ते ४ च्या मधे तुंबतं कशाने? चेंबरांच्या तळांची पातळी दोन टोकांचं खरं सांगते, मधलं नाही. ही या नकाशाची मर्यादा. त्यासाठी जुनी आरशाची परीक्षा आहे. लाइन काढून पाणी ओसरल्यावर एका चेंबरमधून पाइपात बॅटरीचा झोत टाकायचा आणि दुसऱ्या चेंबरच्या तोंडाशी काठीला बांधलेला आरसा तिरका धरायचा. पाइप सरळ असेल तर आरशात प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसतं. मधे पाइप खचला असेल तर चंद्रकोर दिसते. काहीच दिसलं नाही तर अडथळा शिल्लक आहे. इथे कोर दिसली, आणि तिच्या कडेला काहीतरी केसाळ लोंबत होतं. हल्ली पाइपात कॅमेरा घालून चित्रीकरण करून देणारे ठेकेदार शहरांत मिळतात. मोठी लाइन असेल तर तो खर्च करावा. नऊ मीटरला आरसा पुरतो.

दुसरा पुरावा कामटी घालणाऱ्यांकडे होता, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. “चार नंबरातून घातली की साडेतीन मीटरवर अडते, दर वेळी तिथंच.” बाईंनी नकाशावर चेंबर ४ पासून साडेतीन सेंटीमीटर मोजून खूण केली. खूण पडली ती कुंपणालगत आपोआप वाढलेल्या उंबराच्या बुंध्यासमोर.

उंबर, पिंपळ, वड ही मंडळी ओलाव्याच्या शोधात कुठवर जातील याला नेम नसतो. आणि त्या काळातले स्टोनवेअरचे पाइप त्यांना दार उघडूनच देतात. भाजलेल्या मातीचा, चकचकीत लेपाचा हा पाइप स्वतः गंजत नाही, झिजत नाही. त्याची कमजोरी सांध्यात असते. एक तुकडा साधारण दोन फुटांचा, म्हणजे नऊ मीटरमध्ये पंधरा तुकडे आणि दर दोन फुटांवर एक सांधा, तागाची दोरी कोंबून वर सिमेंट भरलेला. जमीन थोडी खचली की सिमेंटला केसाएवढी भेग पडते. तीतून ओल बाहेर येते आणि मुळाचा तंतू आत जातो. आत खत आणि पाणी दोन्ही तयार. तंतूची जाळी होते, जाळीत पोळीच्या तुपाचा थर, केस, फडकी, सॅनिटरी पॅड अडकतात. कामटी त्या जाळीला भोक पाडते, जाळी काढत नाही. भोकातून पाणी गेलं की काम झालं असं वाटतं. मूळ मात्र छाटल्यावर आणखी फुटतं.

म्हणून तुंबण्याच्या तारखा लिहून ठेवणं फार मोलाचं. या सोसायटीच्या व्हाउचरांत त्या होत्याच, कुणी ओळीने मांडल्या नव्हत्या: फेब्रुवारी, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर. अंतर चार महिने, तीन, दोन, एक. निष्काळजीपणाने टाकलेल्या एखाद्या फडक्यामुळे लाइन तुंबली तर ती एकदा तुंबते. अंतर असं आक्रसत जात असेल तर आत काहीतरी वाढतंय किंवा ढासळतंय. कामटीच्या टोकाला तंतू येणं, पुढच्या चेंबरात माती किंवा पाइपाच्या कपच्या दिसणं या खुणाही तेच सांगतात. माती आली म्हणजे पाइप फुटला आहे. आणि पाइपातून माती आत येते तिथून मैला बाहेरही जातो, दोन मीटरवरच्या पिण्याच्या टाकीच्या दिशेने. पुढे सभेत हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे सभासदही पुढे सरकून बसले.

बाईंचं पत्र असं होतं:

“प्रति, मा. सचिव, व्यवस्थापन समिती. विषय: चेंबर क्र. ३ ते ४ मधील ड्रेनेज लाइन बदलण्याबाबत प्रस्ताव. महोदय, मागील वर्षात आपली ड्रेनेज लाइन पाच वेळा तुंबली. तारखा व खर्च सोबत जोडले आहेत. एकूण खर्च रु. १२,५००. सोबतच्या नकाशात सर्व चेंबरे, अंतरे व तळाच्या पातळ्या दाखवल्या आहेत. त्यावरून असे दिसते की अडथळा फक्त चेंबर ३ व ४ यांच्या मधे, चेंबर ४ पासून सुमारे ३.५ मीटरवर आहे. तेथे पाइप खचला असून झाडाची मुळे आत आली आहेत (छायाचित्र १ व २). उरलेल्या लाइनचा उतार योग्य असून तेथे अडथळा आढळला नाही. चेंबर ३ पेव्हरखाली गाडले गेले आहे (छायाचित्र ३). पिण्याच्या पाण्याची टाकी या लाइनपासून २ मीटरवर आहे. तरी विनंती की, १) फक्त ही ९ मीटर लाइन बदलावी, २) चेंबर ३ चे झाकण वर घ्यावे, ३) सोबतच्या परिमाण तक्त्यानुसार तीन दरपत्रके मागवावीत, ४) टाकीतील पाण्याची तपासणी लगेच करून घ्यावी. हा विषय येत्या समिती बैठकीत घ्यावा व झालेला निर्णय लेखी कळवावा. सोबत: नकाशा, छायाचित्रे ३, तारखांचा तक्ता, परिमाण तक्ता. आपली विश्वासू, सभासद, सदनिका क्र. २.”

पत्रात कुणाच्या नावाने बोटं मोडलेली नाहीत, पेव्हर बसवणाऱ्यांच्याही नाही. “उरलेली लाइन ठीक आहे” हे सांगणारं वाक्य सगळ्यात कामाचं. काय दुरुस्त करायचं इतकंच काय दुरुस्त करायचं नाही हेही समितीला कळलं की खर्चाची भीती ओसरते. पत्राची दुसरी प्रत काढून तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी, नाहीतर पुढच्या कमिटीला ते पत्र आलंच नव्हतं असं वाटू शकतं.

परिमाण तक्ता म्हणजे दराचा रकाना कोरा ठेवलेली कामांची यादी. तो न देता दरपत्रकं मागवली की एक ठेकेदार नऊ मीटरचा भाव देतो, दुसरा “पूर्ण काम” असं मोघम लिहितो, तिसरा पाइपाचा प्रकारच सांगत नाही. मग स्वस्त कोण हे ठरवायचं कसं? या कामाचा तक्ता अर्ध्या पानाचा होता. खोदकाम: लांबी ९ मीटर, रुंदी ०.६, सरासरी खोली १ मीटर, म्हणजे ५.४ घनमीटर. पाइपाखाली दहा सेंटीमीटर वाळूचा थर, सुमारे अर्धा घनमीटर. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठीचा, आय.एस. १५३२८ या मानकाचा, रबर रिंगच्या सांध्याचा १६० मिलिमीटर यूपीव्हीसी पाइप, ९ मीटर. दोन चेंबरांच्या आतली डागडुजी, चेंबर ३ वर वाहन पेलणारं झाकण, पेव्हर परत बसवणे, राडारोडा उचलणे.

पाइपाचा प्रकार लिहिण्यामागे कारण आहे. भिंतीवर उघडा लावायचा पाइप आणि जमिनीत पुरायचा पाइप यांची मानकं वेगळी आहेत, आणि ठेकेदार हातात असेल तो टाकून मोकळा होतो. सहा मीटर आणि तीन मीटरचे दोन तुकडे घेतले तर मधल्या चौदा सांध्यांच्या जागी एकच सांधा राहतो, आणि तो उंबरापासून दूर ठेवता येतो. उंबर तोडायचा प्रस्ताव बाईंनी मुद्दाम केला नाही. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि सांधाच नसेल तर झाडाशी भांडण उरत नाही. पाइपाच्या आत नवं अस्तर चढवण्याची पद्धतही आहे, पण खचलेल्या पाइपाला अस्तर घातलं तरी खड्डा तसाच राहतो.

पैशाचा प्रश्न सभेत निघतोच. “तळमजल्याचा त्रास आहे, त्यांनी करावं,” असं कुणीतरी म्हणतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे आणि तिच्यात ड्रेनेज लाइन नावानिशी आहे. घराच्या आतल्या संडास-मोरीची दुरुस्ती सभासदाची, बाहेरच्या सामाईक लाइनची सोसायटीची. समितीला सर्वसाधारण सभेत न जाता किती खर्च करता येतो याची मर्यादा सभासदसंख्येनुसार ठरते. ती आपल्या नोंदणीकृत उपविधींत पाहून घ्यावी.

पैसा दुरुस्ती निधीतून येतो. त्यासाठी दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का जमा करायचा असतो. जमीन यात धरत नाहीत. इथेच जुन्या इमारतींची गोची होते. १९८५च्या सुमाराचा बांधकाम खर्च घराला एक लाख धरला तर वर्षाला साडेसातशे, सोळा घरांचे बारा हजार. बाईंच्या तक्त्यातल्या पाच कामट्यांचा खर्च होता साडेबारा हजार. म्हणजे वर्षभराचा सगळा दुरुस्ती निधी एका उंबराच्या मुळांना भोकं पाडण्यात गेला, वर पाचशे रुपये पदरचे. सेक्रेटरी गणित पाहून म्हणाले, “बाई, हे आधी का नाही दाखवलंत?” त्यांनी तीन पत्रं आठवून दिली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

काम सुरू झाल्यावर लक्ष ठेवायच्या जागा मोजक्याच. दोन दिवस चेंबर ३ मधलं पाणी पंपाने चेंबर ४ मध्ये टाकावं लागतं, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाणी जपून वापरण्याची सूचना आदल्या दिवशी जिन्यात लावावी. यूपीव्हीसीच्या गुळगुळीत पाठीला सिमेंट धरत नाही. चेंबरच्या भिंतीत जाणाऱ्या टोकाला सोल्यूशन फासून त्यावर वाळू भुरभुरवली की खरखरीतपणा येतो आणि जोड टिकतो. हे न केल्यास दोन वर्षांत नेमकी तिथून गळती सुरू होते. चर बुजवण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात. खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरायची आणि पातळी उतरते का ते पाहायचं. मग पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा थोडा लहान चेंडू वरून सोडायचा. तो अडखळला नाही तर पाइप सरळ आणि आतून स्वच्छ. या दोन परीक्षा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, असं कार्यादेशातच लिहिलेलं बरं.

आणि आत उतरण्याची गोष्ट. गटार किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम ठेकेदाराला दिलं म्हणून सोसायटी सुटत नाही. मैल्यात हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. एक मीटर खोल चेंबर वरून साफ होतं. सेप्टिक टाकीला यंत्राची गाडीच बोलवावी.

या इमारतीत चर खोदल्यावर चेंबर ४ पासून साडेतीन मीटरच्या खुणेजवळ लागोपाठचे दोन तुकडे तडकलेले निघाले. त्यांच्यातून निघालेला मुळांचा जुडगा हातभर लांब आणि पाइपाच्याच आकाराचा होता. गवंड्याने तो चरीच्या काठावर ठेवला. दिवसभर सभासद येऊन पाहून गेले.

नवी लाइन टाकल्यावर बाईंनी नकाशा दुरुस्त केला, पाइपाचा नवा प्रकार, सांध्याची जागा आणि तारीख घालून. एक प्रत दप्तरात, एक वॉचमनच्या खोलीत काचेखाली, एक सेक्रेटरीच्या फोनमध्ये. वाचकांपैकी कुणाच्या सोसायटीत पेव्हर बसवायचं काम निघालं असेल, तर ठेकेदार येण्याआधी एकदा चेंबरांची झाकणं मोजून घ्यावीत आणि तो गेल्यावर पुन्हा मोजावीत.